भाव पडला की करार कोण मोडतो?

करार शेतीत भाव चढला, तर शेतकरी माल बाहेर विकेल अशी भीती कंपनीला असते. भाव पडला की उलट होते. अठरा रुपयांनी घ्यायचा ठरलेला बटाटा बाजार समितीत नऊ रुपयांना मिळू लागला, तर कराराचा माल उचलणे कंपनीला नकोसे होते. पण ‘आम्ही घेत नाही’ असे कंपनी सहसा सरळ म्हणत नाही. आधी बारदान येत नाही, मग गाडीची तारीख पुढे जाते, आणि शेवटी प्रतिनिधी येऊन ‘माल बसत नाही’ म्हणतो.

चिप्सच्या बटाट्यात नाकारायला कारणे भरपूर सापडतात. आकार लहान, हिरवा पडलेला, काढताना कापलेला, साखर जास्त म्हणजे तळल्यावर काळपट होणारा. ही कारणे खरीही असू शकतात. खरे-खोटे ओळखायचे तर एवढे पाहावे: त्याच वाणाचा, त्याच प्रतीचा माल भाव पडण्याआधी गेला होता का? नमुना कोणासमोर काढला? तपासणीचा कागद दिला का? कागद द्यायलाच नकार मिळाला, तर अडचण मालात नसून भावात आहे, असे समजायला जागा आहे.

अशा वेळी शेतकरी वैतागतो आणि माल गाडीत भरून बाजाराला नेतो. नेमके इथेच नुकसान होते. पुढे कंपनी म्हणते, ‘आम्ही गाडी पाठवणारच होतो, यांनीच माल बाहेर विकला.’ मग करार मोडल्याचा ठपका शेतकऱ्यावर येतो आणि बियाण्याची उधारीही त्याच्याच मानेवर बसते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, एका बाजूने आपले वचन पुरे करायला नकार दिला, तर दुसऱ्या बाजूला करार संपवता येतो. मात्र उशीर झालेली गाडी तक्रार न करता मुकाट्याने भरून दिली, तर करार चालू ठेवायला आपली संमती होती असे धरले जाऊ शकते. ७३ व्या कलमात भरपाईची तरतूद आहे आणि तिथे दिलेले एक उदाहरण आपल्याच प्रश्नाचे आहे. खरेदीदाराने ठरलेला तांदूळ घेणार नाही असे कळवले, तर करारातला भाव आणि त्या वेळी बाजारात मिळू शकणारा भाव यांतला फरक विकणाऱ्याला मिळतो.

म्हणून पावलांचा क्रम महत्त्वाचा. आधी लेखी कळवायचे: माल काढून तयार आहे, अमुक तारखेपर्यंत उचला. बटाटा नाशवंत आहे, उन्हात टिकत नाही, त्यामुळे मुदत थोड्या दिवसांची ठेवली तरी ती वाजवीच ठरते. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि तीच प्रतिनिधीच्या व्हॉट्सॲपवरही टाकावी. ढिगाचे फोटो काढावेत, दोन शेजाऱ्यांसमोर पंचनामा करावा. मुदत टळली की दुसरे पत्र: तुम्ही माल घेतला नाही, म्हणून करार संपवत आहे, माल बाजारात विकून फरक तुमच्याकडे मागणार आहे. मगच विक्री. काटा पावती आणि विक्रीची पट्टी जपून ठेवायची.

एक हिशोब मांडून पाहू. समजा माल दहा टन, करार अठरा रुपये किलोचा, आणि उचल शेतावरून. म्हणजे १,८०,००० रुपये. बाजारात नऊच्या भावाने ९०,००० आले, त्यातून वाहतूक-हमालीचे ८,००० गेले, हाती ८२,००० उरले. मागणी ९८,००० रुपयांची. कंपनीने ४०,००० चे बियाणे उधार दिले असेल, तर ते देणे कायम राहते. ते वजा जाऊन ५८,००० उरतात. पण तोच शेतकरी रागाने ढीग सडू देईल, तर पूर्ण १,८०,००० मागता येणार नाहीत, कारण नुकसान कमी करण्याचा जो मार्ग हाताशी होता तो त्याने वापरायला हवा होता, असे कायदा मानतो.

ही भरपाई आपोआप हाती पडत नाही. करारात वाद सोडवण्याची जी पद्धत लिहिली आहे तिथे आधी जावे लागते, आणि दिवाणी दावा करायचा तर करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत. २०२० चा केंद्राचा करार शेती कायदा २०२१ मध्ये रद्द झाला, पण वर सांगितलेले हक्क त्या कायद्यातून आलेले नव्हते. ते तसेच आहेत.

एका सहीपासून मात्र जपावे. ढीग उन्हात पडलेला असताना प्रतिनिधी म्हणतो, ‘बाराने घेतो, इथे सही करा.’ त्या सहीने जुना भाव संपतो आणि बारा रुपयांचा नवा करार होतो, मग उरलेल्या सहा रुपयांवर हक्क सांगता येत नाही. बारा घेणे परवडत असेल तर जरूर घ्यावे, पण ‘फरकाची मागणी राखून’ हे शब्द कागदावर लिहूनच. ते लिहू देत नसतील, तर बाराचा भाव म्हणजे पुढची सगळी मागणी सोडण्याची किंमत आहे, हे ओळखून निर्णय घ्यावा.