नावांचा क्रम आणि श्रेयाची वाटणी

सन २०१७ च्या जुलै महिन्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतून एका शोधाची वार्ता प्रसिद्ध झाली. मीन राशीच्या दिशेस, सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर, दीर्घिकासमूहांचा एक प्रचंड महासमूह आढळला होता. त्याचे नाव ‘सरस्वती’ असे ठेवण्यात आले. या शोधाच्या निबंधावर सहा नावे आहेत: जयदीप बागची, शिशिर सांख्यायन, प्रकाश सरकार, सोमक रायचौधुरी, जो जेकब आणि प्रतीक दाभाडे. यांपैकी दुसरे नाव पुण्याच्याच आयसर संस्थेत त्या वेळी पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे, चौथे आयुकाच्या तत्कालीन संचालकांचे आणि शेवटचे आयुकातील एका तरुण संशोधकाचे आहे.

ही यादी एखाद्या जीवशास्त्रज्ञाच्या हाती पडली, तर त्याचा मोठा घोटाळा होईल. त्याच्या शास्त्रात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, असा संकेत रूढ आहे. गणितज्ञ मात्र बहुधा वर्णानुक्रमाने नावे देतात. तेथे पहिले किंवा शेवटचे असण्यास काहीच अर्थ नसतो. गुरुत्वीय लहरींचा वेध लागल्याचे सांगणारा २०१६ चा सुप्रसिद्ध निबंधही याच जातीचा होय. त्यावर हजाराच्या घरात नावे असून आयुकाचे संजीव धुरंधर त्यांत आहेत. पण जग तो निबंध ‘अॅबट आणि इतर’ म्हणून ओळखते, कारण इंग्रजी वर्णमालेत ते नाव आधी येते.

यावरून एक गोष्ट उघड होते. यादीतील जागेला स्वतःचा असा अर्थ नाही. तो संकेताने येतो. विद्यार्थ्यांत तंटे होतात ते बहुधा याच ठिकाणी. चौघे मिळून निबंध लिहितात, प्रत्येकाच्या मनात निराळा संकेत असतो आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही. निबंध छापून आला म्हणजे इतरांच्या लेखनात त्याचा उल्लेख पहिल्या नावाने होतो, उरलेले तिघे ‘आणि इतर’ या दोन शब्दांत नाहीसे होतात, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी मग मैत्री तुटते.

क्रमाच्या आधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: लेखक कोणास म्हणावे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ साली व्हँकुव्हर येथे जमलेली मंडळी पुढे एक आंतरराष्ट्रीय समिती बनली. तिने याविषयी घालून दिलेल्या चार अटी इतर शास्त्रांनाही उपयोगी पडतात. कामाच्या आखणीत, माहिती मिळविण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा तो चिकित्सकपणे सुधारण्यात भाग असावा. अंतिम मसुद्यास संमती असावी. आणि निबंधाबद्दल जाब देण्याची तयारी असावी. या चारही अटी पुऱ्या करील तो लेखक. बाकीच्यांचे स्थान ऋणनिर्देशात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे पाहणे बरे. समजा, पुण्यातील एका महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी मुठा नदीच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे मोजमाप करण्याचे ठरविले. पाच ठिकाणे, बारा आठवडे. म्हणजे साठ नमुने. एकीने प्रश्न काढून कामाची आखणी केली, दुसऱ्याने नमुने आणावयाचे, तिसरीने प्रयोगशाळेत त्यांचे परीक्षण करावयाचे आणि चौथ्याने गणित व लेखन पाहावयाचे. मसुदा मात्र चौघांनीही वाचून सुधारावयाचा. आरंभीच त्यांनी शंभर गुण वाटून कागदावर मांडले: आखणीस ३०, नमुन्यांस २०, परीक्षणास १५, गणित व लेखनास ३५. ज्याचे गुण अधिक त्याचे नाव आधी, हा संकेतही त्याच कागदावर लिहिला. त्याप्रमाणे गणित करणारा पहिला, आखणी करणारी दुसरी, नमुने आणणारा तिसरा आणि परीक्षण करणारी चौथी ठरली.

नमुने आणणे ही केवळ हमाली आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. पण या नमुन्यात नदीकाठीच दोन द्रावणे घालून प्राणवायू बांधून टाकावा लागतो. तसे न करता बाटली तशीच आणली, तर वाटेतच आकडा बदलतो. शिवाय खडकवासल्याहून पाणी सोडलेल्या दिवसाचे नमुने इतर दिवसांशी ताडून पाहता येणार नाहीत, हे ओळखून त्यांची निराळी नोंद ठेवणारा माहितीला आकार देत असतो. तो लेखक होऊ शकतो. सांगितलेल्या बाटल्या आपल्या वाहनावरून पोहोचविणाऱ्या मित्राचे मात्र आभार मानावेत. परीक्षणाची रीत शिकविणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाचेही तसेच. विभागप्रमुखांनी पैसा मिळवून दिला, एवढ्याने तेही लेखक ठरत नाहीत.

आता आठव्या आठवड्यानंतर नमुने आणणारा परगावी गेला आणि उरलेले चार आठवडे आखणी करणारीने ते काम केले, असे धरू. वीस गुणांचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे सात गुण, तिच्याकडे गेले. तिचे ३७ झाले. गणित करणाऱ्याचे ३५ आणि परीक्षण करणारीचे १५ तसेच राहिले. गेलेल्याचे १३ उरले. क्रम दोन ठिकाणी उलटला. ही फेरमांडणी काम पालटले त्याच आठवड्यात व्हावयास हवी. मसुदा पुरा झाल्यावर ती केली तर ती वाटणी न वाटता हिसकावणी वाटते. परगावी गेलेल्याचे नाव त्याला न विचारता गाळता येत नाही, तसेच त्याला न विचारता घालताही येत नाही. त्याच्याकडे मसुदा पाठवावा, तो तपासून सुधारण्याची संधी द्यावी आणि त्याची लेखी संमती घ्यावी.

या रीतीला मर्यादा आहे. गुण म्हणजे सोनाराचा तराजू नव्हे. ३७ आणि ३५ यांतील अंतर अंदाजाच्या चुकीतच बुडून जाते. अशा वेळी ‘पहिल्या दोन लेखकांचा वाटा समान आहे’ अशी तळटीप देतात. तिने न्याय होतो, पण उल्लेख पहिल्याच नावाने होत राहतो. काम पुढे चालणार असेल तर आळीपाळीने पहिले येणे हा मार्ग अधिक चांगला. जुळ्या ताऱ्यांपासून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या गाळण्यांवर आयुकातील सत्यप्रकाश व धुरंधर यांनी लिहिलेल्या निबंधमालेत १९९१ च्या निबंधावर सत्यप्रकाश यांचे नाव आधी आहे, तर १९९४ च्या दुसऱ्या भागावर धुरंधर यांचे.

वाटणी बिघडल्याची लक्षणेही ओळखता येतात. ज्याचे नाव आहे त्याला आपल्याच कोष्टकाचा खुलासा करता येत नाही. कोणी अंतिम मसुदा पाहिलेलाच नसतो. किंवा नावांचा क्रम केव्हा ठरला हे कोणीच सांगू शकत नाही, कारण पहिला मसुदा ज्याने लिहिला त्याने सहज घातलेला क्रमच तसाच पुढे चालत आलेला असतो.

म्हणून अनेक नियतकालिके आता नावांच्या क्रमावरच विसंबत नाहीत. कोणी काय केले याचे निवेदन निबंधाच्या शेवटी मागतात. आपल्या चौघांचे निवेदन असे होईल: आखणी व शेवटच्या चार आठवड्यांचे नमुने पहिल्या लेखिकेचे, गणित व लेखन दुसऱ्या लेखकाचे, प्राणवायूचे परीक्षण तिसऱ्या लेखिकेचे, पहिल्या आठ आठवड्यांचे नमुने चौथ्या लेखकाचे, मसुदा सर्वांनी तपासून मान्य केला. हे निवेदन वाचणाऱ्यास चौथ्या जागेचा अर्थ तर्काने लावावा लागत नाही.