दीडशेचे पंधरा हजार

भाजीवाल्याला दीडशे रुपये द्यायचे आहेत. बोटांनी 150.00 टाइप केले, पण मधला ठिपका उमटलाच नाही. स्क्रीनवर 15000 दिसतात. घाईत डोळ्यांना ओळखीचे १, ५ आणि शून्ये दिसतात. शून्ये किती, हे कोणी मोजत नाही. यूपीआय पिन टाकला की पैसे गेले, आणि ते परत मिळणे बहुधा समोरच्याच्या मर्जीवर राहते.

म्हणून काही ॲप आकड्याखाली रक्कम अक्षरांत दाखवतात. ‘एकशे पन्नास’च्या जागी ‘पंधरा हजार’ दिसले की बोट थबकते, कारण शब्दांत शून्ये मोजावी लागत नाहीत. युक्ती चेकवरची आहे. १८८१च्या कायद्यानुसार चेकवरील आकडा आणि अक्षरे जुळली नाहीत, तर अक्षरांतली रक्कम धरली जाते. ॲपमध्ये मात्र अक्षरे आकड्यावरूनच तयार होतात. ती फक्त आरसा दाखवतात.

मराठीत हा आरसा घडवणे कष्टाचे आहे. इंग्रजीत वीसचा शब्द आणि सातचा शब्द शेजारी ठेवले की सत्तावीस होतात. आपल्याकडे एक ते नव्याण्णवपर्यंत जवळपास प्रत्येक शब्द वेगळा साठवावा लागतो. शिवाय ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ घाईत सारखेच वाटतात. तिथे अक्षरांपेक्षा 59 आणि 69 हेच अधिक स्पष्ट. त्यामुळे दोन्ही वाचावेत: हजार की शेकडा हे अक्षरांत, नेमका अंक आकड्यांत.