पाच माणसं, एक तिकीट

म्युनिकच्या विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर आलं की खालीच रेल्वे स्टेशन असतं. तिथे तिकीट खिडकीऐवजी यंत्रं दिसतात आणि शेजारी रंगीत पट्ट्यांचा नकाशा. मुंबईकर त्या नकाशात सवयीने 'कुठून कुठे' शोधू लागतो आणि गोंधळतो. कारण इथलं तिकीट स्टेशनांचं नसून क्षेत्राचं असतं. शहराचा भाग म्हणजे M. त्याच्याभोवती 1, 2, 3 अशी वाढत जाणारी कडी, आणि विमानतळ पाचव्या कड्यात. म्हणून आधी हॉटेलजवळचं स्टेशन शोधायचं, मग ते कोणत्या कड्यात आहे ते पाहायचं. हॉटेल मुख्य स्टेशनाजवळ असेल तर हवं M ते 5.

समजा आई-बाबा, आजी, बारा वर्षांची ताई आणि आठ वर्षांचा धाकटा असे पाचजण आहेत. यंत्रावर आधी भाषा इंग्रजी करून घ्यावी. समोर दिसणारं एकेरी तिकीट लगेच काढू नये, कारण तिघा मोठ्यांची एकेरी तिकिटं Airport-City-Day-Ticket च्या ग्रुप तिकिटापेक्षा महाग पडतात. या एका तिकिटावर पाच प्रौढ चालतात आणि 6 ते 14 वयाची दोन मुलं मिळून एक प्रौढ धरली जातात. म्हणजे हे कुटुंब हिशेबात चारच माणसांचं! शिवाय ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंत चालतं, त्यामुळे संध्याकाळी ट्रामने फिरायचं वेगळं तिकीट नको.

खरी फसगत पुढे होते. फलाटावर जायला फाटक नाही, कुणी अडवतही नाही. पण तिकिटावर छाप हवा. काही तिकिटं छापासकटच येतात. नसेल तर वाटेतल्या छोट्या पेटीत तिकीट घालून छाप मारून घ्यायचा. लोकलची जुनी कुपनं पंच केलेल्यांना हे पटकन कळेल. शंका असेल तर कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारावं. साध्या कपड्यांतला तपासनीस आला आणि छाप नसला तर दंड 60 युरो. खिशात तिकीट असूनही.

S1 आणि S8 या दोन्ही गाड्या मुख्य स्टेशनला जातात, फक्त शहरात शिरतात दोन वेगवेगळ्या बाजूंनी. तेव्हा आधी लागेल ती पकडावी. फार तर पाचेक मिनिटांचा फरक पडतो, एरवी पाऊण तास धरून चालावं. S8 मध्ये मात्र आधी Ostbahnhof लागतं. नावात 'बानहोफ' ऐकून बाबा बॅगा उचलतात, पण ते पूर्वेचं स्टेशन. आपलं Hauptbahnhof त्यानंतर पाचवं. आणि तिथे दार आपोआप उघडेल म्हणून थांबायचं नाही, दारावरचं बटण दाबायचं. ते काम धाकट्याकडे द्यावं.