विषय : बाईंना शेरा मिळणेबाबत

आमच्या शाळेच्या टपालात शिक्षणाधिकारी कार्यालयाची परिपत्रकं, पाठ्यपुस्तकांची पत्रकं आणि कुठल्यातरी स्पर्धा परीक्षेच्या जाहिराती याखेरीज सहसा काही नसतं. त्या दिवशी त्यात एक पाकीट निघालं. आत रेघांच्या वहीतला फुलस्केप कागद, डावीकडे समास आखलेला आणि त्यावर रुळातून चाललेलं जाड अक्षर. मुख्याध्यापकांनी वाचलं, परत वाचलं आणि मला ऑफिसात बोलावून घेतलं. ‘बाई, तुमच्याबद्दल अर्ज आलाय,’ एवढंच म्हणाले. पालकाची तक्रार असणार असं धरून मी गेले.

अर्ज मामांचा होता. मामा म्हणजे आमचे शिपाई. 1989 साली लागले आणि 31 मे 2022 रोजी निवृत्त झाले. खाजगी अनुदानित शाळेत शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई साठाव्या. मामांची जन्मतारीख 1 जून. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची तीच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे मामा ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, रिकाम्या शाळेत किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून घरी गेले. निरोप समारंभ एप्रिलमध्येच उरकला होता. शाल, नारळ आणि चार भाषणं झाली होती.

मामा सातवी पास. पण त्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर आणि आमच्या शाळेतून जिल्ह्याच्या गावी पोचवले होते. पत्र कसं लिहायचं याची त्यांच्या डोक्यात एकच रीत होती. वरती ‘प्रति, मा. मुख्याध्यापकसो’, मधोमध अधोरेखित ‘विषय : बाईंना चांगल्या कामाचा शेरा मिळणेबाबत’, आणि मग :

‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी आपल्या शाळेत शिपाई पदावर 33 वर्षे काम केले. सदर बाईंचे काम मी रोज पाहिले आहे. त्याबाबत खालीलप्रमाणे.

1) बाई घंटा झाली की तास सोडतात. मी घंटा दिली तरी पुढे दहा मिनिटे शिकविणारे पुष्कळ आहेत. मग पुढच्या तासाचे सर दाराबाहेर उभे राहतात व मला रागे भरतात.

2) सूचनेची वही नेली असता बाई हातातले वाक्य पुरे करून वही घेतात, वाचून सही करतात व मुलांसमोर मला अहो म्हणतात.

3) खडूचे तुकडे डब्यात ठेवतात. बाकांखाली खडू सापडत नाही.

4) बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. हे मी व्हरांड्यातून ऐकले आहे. सुधारणा व्हावी.

5) माझ्या सेवापुस्तकाची कोरी पाने बाईंनी भरून दिली. त्यामुळे माझी पेन्शन झाली.

तरी सदर पत्र बाईंच्या सेवापुस्तकास जोडावे ही नम्र विनंती.’

चौथा मुद्दा वाचताना मुख्याध्यापकांना हसू आवरलं नाही. मला मात्र तोच सगळ्यांत खरा वाटला. माझा गोपनीय अहवाल दरवर्षी भरला जातो, पण तो लिहिणारा माणूस वर्षातून एखाद-दुसऱ्या तासाला मागे येऊन बसतो आणि त्या तासाला मुलंही शहाण्यासारखी वागतात. मामा रोज व्हरांड्यातून जात. पाण्याची टाकी भरायला, हजेरीचे आकडे गोळा करायला, सूचनेची वही फिरवायला. तेहतीस वर्षं त्यांनी प्रत्येकाचं शिकवणं दाराबाहेरून ऐकलं होतं आणि कोणी त्यांना कधी मत विचारलं नव्हतं.

पाचव्या मुद्द्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पत्र सेवापुस्तकालाच जोडा असा हट्ट का, हे त्यातून कळतं.

सेवापुस्तक म्हणजे कर्मचाऱ्याची नोकरीतली जन्मकुंडली. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढच्या पानांवर नेमणूक, दरवर्षीची वेतनवाढ, प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, रजा. यांत सर्वांत दुर्लक्षित नोंद असते ती सेवा पडताळणीची. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतची सेवा वेतनदेयकावरून पडताळली, असं दरवर्षी एक वाक्य लिहून मुख्याध्यापकांनी सही करायची असते. वाक्य एकाच ओळीचं. पण ती ओळ नसेल, तर त्या वर्षी माणूस नोकरीत होता याला पुस्तकात पुरावा नाही.

मामांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा लिपिकाची जागा रिकामी होती आणि अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पुस्तक उघडलं तर नव्वदच्या दशकातली सलग काही वर्षं कोरी. त्या काळात मुख्याध्यापक दोनदा बदलले होते. येणाऱ्याला वाटलं जाणाऱ्यानं लिहिलं असेल. शिवाय पुस्तकात मामांचं नाव एक आणि आधार, पॅन, बँकेच्या पासबुकात दुसरं. घरी ज्या नावानं हाक मारत तेच नेमणुकीच्या वेळी कोणीतरी लिहून टाकलं होतं.

नावाचा प्रश्न शाळा सोडल्याचा दाखला आणि राजपत्र यांवर सुटला. कोऱ्या वर्षांसाठी मात्र जुनी वेतनदेयकं हवी होती. प्रयोगशाळेच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात वाळवीनं अर्धी खाल्लेली, दोऱ्यानं बांधलेली देयकं निघाली. मामा खाली सतरंजीवर बसून महिन्यांप्रमाणे गठ्ठे लावत, मी त्यांच्या नावापुढची रक्कम शोधून वहीत उतरवून घेई. ज्या महिन्यांचं देयक सापडलं नाही, त्यासाठी हजेरीपट आणि भविष्य निर्वाह निधीच्या कपातीचा उतारा कामी आला. पगारातून वर्गणी कापली गेली आहे म्हणजे त्या महिन्यात पगार निघाला आहे, हे कोणालाही नाकारता येत नाही. त्या आधारावर मुख्याध्यापकांनी एकेका वर्षाची नोंद करून सही-शिक्का दिला.

मग पुस्तक वेतन पडताळणीला गेलं आणि आक्षेप घेऊन परत आलं. आईच्या आजारपणात मामांनी काही महिने बिनपगारी असाधारण रजा घेतली होती. तेवढे महिने त्यांची पुढची वेतनवाढ लांबायला हवी होती, ती लांबवली गेली नाही. म्हणजे पुढं कित्येक वर्षं दरवर्षी काही महिने त्यांना थोडे पैसे जास्त मिळत गेले. वेतननिश्चिती दुरुस्त करा आणि जादा रक्कम वसूल करा, असा शेरा होता. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जास्तीचे पैसे मागितले कोणी होते?

इथं एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 2014 रोजी निकाल दिला. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिल्या गेलेल्या रकमेची वसुली करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. चूक कार्यालयाची असली पाहिजे, कर्मचाऱ्यानं लबाडी केलेली नसावी. मामा या तिन्ही खणांत बसत होते. आम्ही निकालाचा दाखला देऊन पत्र लिहिलं. वेतननिश्चिती दुरुस्त झाली, कारण निकालानं वसुली थांबते, चूक मात्र बरोबर ठरत नाही. वसुलीचा मुद्दा वगळला गेला.

या घोळात निवृत्तीचा दिवस उलटून गेला. प्रकरण मुंबईला महालेखापालांकडे पोचून मंजुरी येईपर्यंत मामांनी तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर भागवलं. अंतिम आदेश दिवाळीनंतर आला. उपदानाचे पैसे मिळाले, पेन्शनचा काही भाग विकून म्हणजे अंशराशीकरण करून त्यांनी घराचा स्लॅब टाकला. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा पेन्शनमध्ये जमा होतो. मामांनी ते वर्ष कॅलेंडरवर नव्हे, देव्हाऱ्याच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे.

तर पुस्तकात नाही ते घडलंच नाही, हे मामा असे शिकले. म्हणून त्यांना माझ्याबद्दलचं चार चांगलं नि एक वाईट पुस्तकातच हवं होतं. आता आमच्याकडे लिपिक आले आहेत. ते नियमाला पक्के. त्यांनी सांगितलं की सेवापुस्तकात सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंच नोंद होते, निवृत्त शिपायाच्या पत्रावरून नाही. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. पत्राला आवक क्रमांक पडला, कोपऱ्यात ‘वैयक्तिक नस्तीस लावावे’ असा शेरा झाला आणि ते माझ्या फाईलला लागलं. मामांना तसं रीतसर उत्तरही गेलं, जावक क्रमांकासह. मी शेवटच्या बाकावर एका मुलीला बसवून आवाज येतो का ते विचारते आहे. येतो म्हणाली, पण ती भिडस्त आहे.

मामांची जागा भरली गेली नाही आणि भरली जाणारही नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार खाजगी अनुदानित शाळांत शिपायाचं पद रिकामं झालं की ते संपतं आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो. आमच्यासारख्या ग्रामीण शाळेला तो महिना 5,000 रुपये आहे. एवढ्या पैशात येणारा मुलगा दुसरं काही मिळालं की जातो, आणि त्याचा दोष नाही. घंटा सध्या नववीची मुलं देतात. रुळाच्या तुकड्यावर ठोके किती द्यायचे यावरून त्यांच्यात वाद होतात, मधली सुट्टी कधी लवकर होते.

पण जुन्या पदांवरचे मामा आणि मावशी अजून बऱ्याच शाळांत आहेत आणि येत्या काही वर्षांत एकामागून एक निवृत्त होतील. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. तुमच्या शाळेत ते होत नसेल, तर या दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्यासोबत बसून पुस्तक उघडा. पहिल्या पानावरचं नाव आधारशी जुळतं का ते बघा, बिनपगारी रजेनंतरची वेतनवाढ तपासा आणि पडताळणीची एकेक ओळ वर्षाप्रमाणे मोजा. एखादं वर्ष कोरं निघालं, तर माळ्यावरची पेटी रद्दीत जायच्या आत खाली काढा.