चाळीत जाण्याआधीच ठरतं कांद्याचं भवितव्य

नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा पुढचे पाच-सहा महिने देशाला पुरवायचा असतो. खरिपातला लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा फारसा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. साठवायचा तो उन्हाळच. पण हाच टिकाऊ कांदा साध्या चाळीत चार-पाच महिने राहिला, तर वजनातली घट, सड आणि कोंब मिळून चाळीस टक्क्यांच्या पुढे नुकसान होऊ शकतं. दोष बहुतेकदा चाळीला किंवा पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात सडलेला कांदा हातात घेऊन पाहिला, तर सडीची सुरुवात पुष्कळदा मानेपासून झालेली दिसते, आणि मान कशी आहे हे ठरतं ते शेतात.

कांदा पोसला की त्याची मान मऊ पडते आणि पात आपोआप आडवी होते. शेतातल्या निम्म्याहून अधिक झाडांच्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलेलं असायला हवं. उशिरापर्यंत युरिया टाकला किंवा शेवटपर्यंत पाणी देत राहिलं, तर पात हिरवीगार उभी राहते, मान जाड होते आणि ती नीट मिटत नाही. असा कांदा दिसायला टपोरा असतो, वजनालाही भरतो. चाळीत मात्र तो आधी जातो, आणि शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो.

काढलेला कांदा तीनेक दिवस शेतातच पातीसकट सुकू द्यायचा असतो. त्यात एक साधी खुबी आहे. एका ओळीतल्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल अशा रीतीने तो पसरायचा, म्हणजे पात उन्हात वाळते आणि कांदा तिच्या सावलीत राहतो. उघडा पडलेला कांदा एप्रिलच्या उन्हात भाजतो. त्यावर फिकट, मऊ चट्टा पडतो आणि सड तिथूनच शिरते. पात वाळली की तिला पीळ देऊन कापायची, कांद्यावर इंचभर मान ठेवूनच. अगदी बुडाशी कापलेल्या कांद्याचं तोंड उघडं राहतं. घाईच्या दिवसांत मजुरी नगावर नाही तर उरकावर ठरते, त्यामुळे हे इंचभर अंतर सगळ्यात आधी विसरलं जातं. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून लक्ष द्यावं असं काम हेच.

त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत, हवेशीर जागी कांदा पातळ थरात ठेवायचा. या काळात वजन थोडं घटतं. ते पाहून जीव हळहळतो, पण गेलेलं पाणी मानेतलं आणि वरच्या पत्तीतलं असतं, आणि ते जायलाच हवं. कांदा तयार झाला की नाही, हे चिमटीत कळतं. मान दोन बोटांत चोळली की आत ओलसर, निसरडं काही लागत असेल तर अजून थांबायचं. मान कोरडी, घट्ट आणि पत्ती हाताखाली करकरत असेल तर कांदा चाळीत न्यायला हरकत नाही. जोड कांदा, डेंगळे, कुदळीचा घाव लागलेले आणि जाड मानेचे कांदे याच वेळी बाजूला काढून लगेच विकावेत.

चाळीत गेलेला कांदाही जिवंतच असतो. तो श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि वाफ बाहेर पडते. ही वाफ ढिगात अडकली की काजळी धरते, म्हणजे पत्तीखाली काळी बुरशी पसरते. म्हणून चाळीचं मुख्य काम कांदा झाकणं नसून त्यातून हवा खेळवणं आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा, म्हणजे थंड हवा खालून शिरते आणि तापलेली वरून निघून जाते. २५ टनांच्या नेहमीच्या चाळीत ४० फूट लांबीचे दोन कप्पे असतात, प्रत्येक चार फूट रुंद, आणि मध्ये माणसाला फिरता येईल अशी वाट. कांदा पाच फुटांपर्यंतच भरायचा. पीक चांगलं आलं की तो सहा-सात फुटांवर नेण्याचा मोह होतो. मग तळातला कांदा दाबला जातो, फटी बुजतात आणि वाफेला वाट उरत नाही. छपरावर उघडा पत्रा असेल तर मे महिन्यात वरचा थर अक्षरशः शिजतो. कौलं, सिमेंटचे पत्रे किंवा पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा थर यांनी ही धग बरीच कमी होते.

जुलैपासून खरी परीक्षा सुरू होते. पावसाची झड येणाऱ्या बाजूला पडदा हवा, पण पाऊस थांबला की तो उचलायलाही हवा. महिनाभर बंद राहिलेला पडदा पावसाइतकंच नुकसान करतो. आत बिघाड सुरू झाला की त्याची खूण आधी नाकाला कळते. मग चिलटं दिसतात, तळाच्या फटीखाली ओल येते, ढीग एका जागी खचतो. अशा वेळी सगळी चाळ उपसायची गरज नसते. तेवढाच भाग मोकळा करून निवडून विकायचा.

आता विक्रीचा हिशेब. समजा, एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १२०० रुपये आहे आणि चाळीत २५० क्विंटल कांदा आहे. त्याच दिवशी विकला तर तीन लाख रुपये येतात. सप्टेंबरपर्यंत ३० टक्के घट धरली तर १७५ क्विंटल उरतात, आणि तेच तीन लाख हाती यायला भाव १७१४ लागतो. घट ४० टक्के झाली तर उरतात १५० क्विंटल आणि लागतो २००० रुपये भाव. निवडाईची मजुरी आणि चाळीचा खर्च यात धरलेलाच नाही. म्हणून ‘भाव वाढला का?’ यापेक्षा ‘घटीपेक्षा भाव जास्त वाढला का?’ हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी विचारायला हवा. त्यासाठी एका जाळीदार गोणीत कांदा मोजून चाळीतच ठेवावा आणि तीच गोणी पुन्हा पुन्हा वजन करावी. घटीचा अंदाज त्यातून येतो.

भावाचा अंदाज मात्र कुणालाच नीट येत नाही, कारण त्यात दिल्लीचा हात असतो. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी झाली आणि घाऊक व्यापाऱ्यांना ५०० क्विंटलची साठामर्यादा लागली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. तिन्ही निर्णय चाळीतला कांदा बाजारात येण्याच्या ऐन हंगामात आले. लिलाव थांबला म्हणून कांद्याची घट थांबत नाही, आणि या काळात सोसावं लागतं ते शेतकऱ्यालाच.

व्यापाऱ्याचं गणित वेगळं आहे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावात घेतलेला कांदा तो आपल्या खळ्यावर ओततो, वाळवतो, निवडतो, गोल्टी वेगळी काढतो आणि गोण्या भरून रवाना करतो. त्याच्याकडे माल सहसा थोडेच दिवस थांबतो, म्हणून महिनोन्महिन्यांच्या घटीचा भार बहुतांशी शेतकऱ्याच्या चाळीवरच राहतो. हा भार विभागण्याचा एकच व्यवहारी मार्ग दिसतो, तो म्हणजे सगळा माल एका भावावर न लावणं. कमी टिकणारा एक वाटा काढणीलाच, दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सगळ्यात चांगला वाळलेला कप्पा सप्टेंबरसाठी.

शीतगृहाने हा प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. शून्य ते दोन अंशांत कांदा टिकतो खरा, पण बाहेर काढला की त्याला लवकर कोंब येतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र त्यासाठीच आहे. किरणांच्या मात्रेने कोंब रोखले जातात, मात्र काढणीनंतर थोड्याच दिवसांत ते करावं लागतं, आणि सड त्याने थांबत नाही. कोंब सगळ्यात जोरात येतात ते १० ते २० अंशांत. ऑक्टोबरच्या रात्री गार होऊ लागल्या की चाळीत नेमकं हेच तापमान येतं आणि खरिपाचा नवा लाल कांदाही बाजारात येऊ लागतो. त्यामुळे शेवटचा कप्पा दिवाळीपर्यंत धरून ठेवणारा शेतकरी दोन्ही बाजूंनी अडचणीत येण्याची शक्यता जास्त असते.