दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसल्यास तो बोटाने काही सेकंद दाबून सोडावा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर तेथे रक्त परतत आहे. लाली हटलीच नाही, तर त्वचा अखंड असूनही शय्याव्रणाचा पहिला टप्पा सुरू झालेला असतो. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. तेथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळी उष्णता, टणकपणा किंवा वेदना तपासावी. मालीश टाळावे.

‘पाय लाल’ एवढी नोंद निरुपयोगी ठरते. ‘सकाळी ८, उजवी टाच, २ बाय ३ सेंमी, दाबूनही लाल, त्वचा अखंड, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली’ असे लिहिल्यास संध्याकाळी तुलना करता येते. फोड किंवा जांभळी छटा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.