व्हॉल्व्हमध्ये बुडालेलं काम

बॉयलरमधून १० बार दाबाची, १८० अंश सेल्सिअसची संपृक्त वाफ येते. कारखान्याला हवी १ बारची. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह बसवला की भागतं. उष्णता जवळजवळ बाहेर जात नाही, एन्थाल्पी तेवढीच राहते, वाफ १५१ अंशांवर येते. ऊर्जेच्या हिशेबात तूट नाही, आणि फसगत इथेच होते.

दाबाचा जोर चक्र फिरवण्याऐवजी अरुंद फटीत भोवरे उठवून घर्षणात विरतो. त्यामुळे किलोमागे एन्ट्रॉपी ६.५९ वरून ७.६२ किलोज्यूल प्रति केल्विन होते. ही १.०३ ची वाढ भोवतालच्या ३०० केल्विन तापमानाने गुणली, की दर किलो वाफेमागे सुमारे ३०९ किलोज्यूल काम कायमचं बुडालेलं निघतं. टर्बाइनने त्यातलं बरंच वाचवलं असतं; मात्र मग कारखान्याला कोरडी नव्हे, ओली वाफ मिळाली असती.